पाण्याचा पेला आणि काचेचा तंतू: पूर्ण आंतरिक परावर्तनाचा हिशेब

काचेचा सरळ भिंतींचा पेला पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरून टेबलावर ठेवावा आणि वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूकडे पाहावे. काच पारदर्शक आहे, पाणीही पारदर्शक आहे, तरी भिंतीपलीकडचे काही दिसत नाही. भिंत चांदीचा मुलामा दिल्यासारखी चकाकते. आता त्या भिंतीवर बाहेरून कोरडे बोट हलकेच टेकवले, तर ते बोटही दिसत नाही, किंवा अगदी पुसट दिसते. तेच बोट ओले करून दाबले, की चकाकीत एकदम बोटाच्या ठशाच्या रेषा उमटतात. भिंतीच्या आत काहीच बदललेले नाही. बदल झाला तो बाहेरच्या बाजूला, जिथे हवेच्या जागी पाणी आणि त्वचा आली. पूर्ण आंतरिक परावर्तनाचे जवळजवळ सगळे मर्म या निरीक्षणात आहे: किरण आत कोंडला जाईल की निसटेल, हे आतल्या माध्यमाइतकेच बाहेर काय आहे यावर ठरते.

हे कागदावर समजून घेण्यासाठी एक जुनी भूमितीय रचना फार उपयोगी आहे. सूत्रात आकडे घालण्यापेक्षा ती अधिक बोलकी आहे असे माझे मत आहे, म्हणून कंपास आणि कोनमापक जवळ घेऊनच पुढचे वाचावे. कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ काढावी. ही दोन माध्यमांमधली सीमा. तिच्या खाली काच आहे आणि वर हवा. रेघेवरच्या एका बिंदूला O म्हणावे आणि त्यातून एक उभी तुटक रेघ काढावी, ती स्तंभिका. सगळे कोन या स्तंभिकेपासून मोजायचे, सीमेपासून नव्हे. परीक्षेतल्या निम्म्या चुका इथेच होतात. आता O हा केंद्र धरून दोन वर्तुळे काढावीत, ज्यांच्या त्रिज्या त्या त्या माध्यमाच्या अपवर्तनांकाच्या प्रमाणात असतील. हवेचा अपवर्तनांक १ आणि काचेचा १.५ धरला, तर हवेचे वर्तुळ ४ सेंटिमीटर त्रिज्येचे आणि काचेचे ६ सेंटिमीटर त्रिज्येचे येते.

काचेतून वर येणारा किरण स्तंभिकेशी ३०° चा कोन करून O पाशी पोहोचतो असे समजू. तो सरळ पुढे वाढवला, तर तो मोठ्या वर्तुळाला P या बिंदूत छेदतो. P मधून स्तंभिकेला समांतर रेघ खाली आणावी. ती लहान वर्तुळाला जिथे छेदते तो बिंदू Q. O पासून Q कडे जाणारी दिशा हीच हवेतल्या अपवर्तित किरणाची दिशा. असे का होते, ते पाहणे सोपे आहे. P हा स्तंभिकेपासून ६ × sin ३०° म्हणजे ३ सेंटिमीटर दूर आहे आणि Q सुद्धा तेवढाच दूर आहे, पण त्याचे वर्तुळ ४ सेंटिमीटरचे असल्यामुळे sin r = ३ ÷ ४ = ०.७५, आणि r = ४८.६°. शाळेत शिकलेला स्नेलचा नियम, n₁ sin i = n₂ sin r, आपण फक्त रेघांनी काढला आहे.

आता आपतन कोन हळूहळू वाढवत जावा. P उजवीकडे सरकतो, त्याच्यासोबत उभी रेघही सरकते आणि Q लहान वर्तुळावरून खाली घसरत सीमेजवळ येतो. शेवटी एक वेळ अशी येते, की उभी रेघ लहान वर्तुळाला केवळ स्पर्श करते. तिथे ६ × sin i = ४, म्हणून sin i = ०.६६७ आणि i = ४१.८°. हा काच आणि हवा या जोडीचा क्रांतिक कोन. आणखी पुढे जाऊन ४५° चा कोन घेतला, तर उभी रेघ स्तंभिकेपासून ४.२४ सेंटिमीटरवर येते आणि लहान वर्तुळाच्या बाहेरून सव्वादोन-अडीच मिलिमीटर अंतराने निघून जाते. Q मिळतच नाही. अपवर्तित किरणाला जायला दिशाच उरत नाही, म्हणून सगळा प्रकाश परावर्तनाच्या नेहमीच्या नियमाने, तेवढाच कोन करून, काचेत परत फिरतो. हवेतून काचेत जाताना मात्र लहान वर्तुळावरून निघालेली रेघ मोठ्या वर्तुळाला नेहमीच गाठते. म्हणून ही घटना घन माध्यमाकडून विरल माध्यमाकडे जातानाच घडते.

क्रांतिक कोनाच्या आधी परावर्तन शून्य असते आणि नंतर ते एकाएकी सुरू होते, असा समज करून घेऊ नये. काच आणि हवा यांच्या सीमेवर किरण सरळ आदळला, तरी सुमारे ४ टक्के प्रकाश परततोच. कोन वाढतो तसा हा वाटा आधी सावकाश आणि क्रांतिक कोनाजवळ फार झपाट्याने वाढून १०० टक्क्यांवर पोहोचतो. आकृतीत म्हणूनच क्रांतिक कोनाच्या आतल्या किरणासाठीही एक फिकट परावर्तित किरण काढणे योग्य ठरते.

आता पेल्याकडे परत येऊ. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ घेतला, तर पाणी आणि हवा यांचा क्रांतिक कोन ४८.८° येतो. मध्ये काचेची भिंत आहे, पण तिच्या दोन्ही बाजू समांतर असल्याने ती या हिशेबातून आपोआप गळते: पाण्यात ४८.८° ने आलेला किरण काचेत शिरून ४१.८° चा होतो, आणि काच व हवा यांचा क्रांतिक कोन नेमका तेवढाच आहे. प्रश्न असा की, वरून किती तिरपे पाहिले तर भिंत चकाकेल? डोळ्यापासून मागे भिंतीकडे किरण काढावा. प्रकाशाचा मार्ग उलटसुलट सारखाच असतो, त्यामुळे त्याने काही बिघडत नाही. पाण्याची पातळी आडवी आणि भिंत उभी असल्यामुळे पाण्यात शिरलेला किरण, पृष्ठभागावरची स्तंभिका आणि भिंतीवरची स्तंभिका मिळून एक काटकोन त्रिकोण तयार होतो. म्हणजे पाण्यातला अपवर्तन कोन r असेल, तर भिंतीवरचा आपतन कोन ९०° − r इतका असतो. भिंतीवर पूर्ण परावर्तन हवे असेल, तर ९०° − r हा ४८.८° पेक्षा मोठा हवा, म्हणजे r हा ४१.२° पेक्षा लहान हवा. पाण्याच्या पृष्ठभागावर स्नेलचा नियम लावला, तर १.३३ × sin ४१.२° = ०.८७६ येते, आणि हवेतला कोन ६१° च्या आसपास निघतो.

म्हणून उभ्या दिशेपासून ६१° च्या आत पाहिले, तर भिंत आरशासारखी दिसते. डोळा आणखी खाली, जवळजवळ पाण्याच्या पातळीला आणला, तर ती पुन्हा पारदर्शक होते. हा ६१° चा आकडा लक्षात ठेवावा, कारण हाच हिशेब पुढे जसाच्या तसा परत येणार आहे. पाण्याऐवजी काचेचा भरीव दंडगोल घेतला, तर भिंतीवरचा कोन कधीच ४८.२° च्या खाली जात नाही आणि क्रांतिक कोन मात्र ४१.८° आहे. त्यामुळे वरच्या तोंडातून शिरलेला आणि दंडगोलाच्या अक्षाला छेदून जाणारा एकही किरण भिंतीतून निसटू शकत नाही.

लोलक, म्हणजेच प्रिझम, हे या गोष्टीचे नेटके रूप आहे. ४५°, ४५° आणि ९०° कोनांचा काचेचा त्रिकोण काढावा आणि काटकोनाच्या एका बाजूवर किरण सरळ, म्हणजे स्तंभिकेवरूनच, सोडावा. तो न वळता आत जातो आणि कर्णावर ४५° ने आदळतो. ४५° हा ४१.८° पेक्षा मोठा असल्याने तो पूर्ण परावर्तित होतो आणि काटकोनाच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा सरळ बाहेर पडतो. किरण एकूण ९०° वळला, आणि कर्णाला कसलाही मुलामा लागला नाही. धातूचा थर काही टक्के प्रकाश गिळतो आणि काळाच्या ओघात काळवंडतो. स्वच्छ कर्ण तसे काही करत नाही. दुर्बिणींमध्ये आरशांऐवजी लोलक बसवतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

पण कर्णाच्या मागे हवा आहे, हे गृहीत धरलेले असते. दमट हवेत दुर्बिणीच्या आत पाणी धरले आणि कर्णावर त्याचा पातळ थर बसला, तर काय होईल? आपल्या वर्तुळांच्या रचनेत बाहेरचे वर्तुळ ४ ऐवजी ५.३२ सेंटिमीटरचे होते. ४५° च्या किरणाची उभी रेघ ४.२४ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ती आता वर्तुळाला सहज छेदते. काच आणि पाणी यांचा क्रांतिक कोन ६२.५° आहे, किरण ५२.९° ने पाण्यात उतरतो, आणि त्या सीमेवरून परततो तो प्रकाशाचा फक्त सुमारे १ टक्का. थर सपाट आणि एकसारखा असेल, तर त्याच्या पलीकडच्या बाजूला पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ५२.९° हा कोन ४८.८° पेक्षा मोठा असल्याने प्रकाश तिथून परत फिरू शकतो. पण बाष्प सपाट थर म्हणून बसत नाही, थेंब थेंब म्हणून बसते. प्रत्येक थेंबाचा पृष्ठभाग वेगळ्या कोनात असतो आणि प्रकाश विखुरतो. पेल्यावर दाबलेल्या ओल्या बोटाचीही हीच कथा आहे, फक्त तिथे पाण्यामागची त्वचा प्रकाश शोषून आणि विखरून टाकते. कोरड्या बोटाच्या रेषा काचेला पुरत्या टेकत नाहीत. पूर्ण परावर्तन होत असतानाही प्रकाशलहरीचा अंश सीमेपलीकडे तरंगलांबीच्या काही भागाइतका डोकावत असतो, आणि तेवढ्या अंतरात दुसरा पदार्थ आला तरच तो हाती लागतो. ‘पूर्ण’ हा शब्द बाहेरची फट त्याहून बरीच मोठी असेल तोवरच खरा आहे.

दुर्बिणीतच आणखी एक बारकावा आहे, जो दुकानात उभे राहून तपासता येतो. स्वस्त दुर्बिणीतले लोलक बीके७ नावाच्या काचेचे असतात, तिचा अपवर्तनांक १.५१७, चांगल्या दुर्बिणीत बीएके४ काच असते, तिचा १.५६९. क्रांतिक कोन अनुक्रमे ४१.२° आणि ३९.६°. दोन्ही ४५° पेक्षा लहानच आहेत, मग फरक कशाने पडतो? पुढच्या भिंगातून येणारा प्रकाश समांतर नसून शंकूसारखा निमुळता होत येतो. भिंगाचे नाभीय अंतर त्याच्या व्यासाच्या चौपट असेल, तर शंकूच्या कडेचा किरण अक्षाशी ७.१° कोन करतो. बीके७ मध्ये शिरल्यावर sin ७.१° ला १.५१७ ने भागून हा कोन ४.७° होतो, आणि एका बाजूचा कडेचा किरण कर्णावर ४५° − ४.७° = ४०.३° ने आदळतो. हा ४१.२° पेक्षा कमी आहे, म्हणून तो किरण निसटतो आणि त्याचा साधारण एकतृतीयांश प्रकाशच परत फिरतो. बीएके४ मध्ये तोच कोन ४०.५° येतो, पण तिथला क्रांतिक कोन ३९.६° असल्यामुळे किरण टिकतो. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे रोखली, तर डोळ्याकडच्या भिंगात एक प्रकाशाचा ठिपका दिसतो. तो चोख गोल असेल, तर लोलक सगळा शंकू परत फिरवत आहेत. त्याच्या कडा करड्या आणि चौकोनी भासत असतील, तर कडेचा प्रकाश वाटेत गळतो आहे.

आतापर्यंत आपण काचेचा अपवर्तनांक हा एकच आकडा मानला. तो तसा नसतो. बीके७ काचेसाठी गडद तांबड्या प्रकाशाला तो १.५१३ आणि जांभळ्याला १.५३० इतका असतो. वर्तुळांच्या रचनेत काचेचे एक वर्तुळ नसून किंचित वेगळ्या त्रिज्यांची वर्तुळे एकमेकांना लागून असतात, आणि रंगागणिक किरण थोडा वेगळा वळतो. यालाच अपस्करण म्हणतात. काटकोनी लोलकात ते दिसले नाही, कारण किरण सरळ शिरला आणि सरळच बाहेर पडला; जिथे वळणे नाही, तिथे रंग वेगळे होणेही नाही.

त्यासाठी ६०° चा लोलक घ्यावा. त्रिकोण काढून पहिल्या बाजूवर ४९.२° ने पांढरा किरण सोडला, तर तांबड्यासाठी sin r₁ = ०.७५७ ÷ १.५१३, म्हणून r₁ = ३०.०२°. लोलकाच्या आत दोन कोनांची बेरीज नेहमी शिरोकोनाइतकी, म्हणजे ६०° असते. म्हणून दुसऱ्या बाजूवरचा कोन २९.९८° आणि बाहेर पडण्याचा कोन ४९.१°. विचलन कोन काढताना आत आणि बाहेरचे कोन मिळवून त्यातून ६०° वजा करायचे: ४९.२° + ४९.१° − ६०° = ३८.३°. जांभळ्यासाठी हीच पावले टाकली, तर आतले कोन २९.६५° व ३०.३५°, बाहेरचा ५०.६°, आणि विचलन ३९.८° भरते. दोन्हींत फरक १.५° चा. दोन मीटरवरच्या पडद्यावर हा पट्टा सुमारे ५ सेंटिमीटर लांब पडतो.

घरी लोलक उन्हात धरून पाहणाऱ्यांची निराशा होते ती इथेच. सूर्याची थाळी आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे प्रत्येक रंगाचा डागही अर्धा अंश रुंद पडतो आणि शेजारचे रंग एकमेकांवर चढतात. पडदा लोलकाजवळ असेल, तर मध्यभागी पांढरेच दिसते आणि फक्त कडांना रंग येतो. न्यूटनने १६७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगात खिडकीच्या झडपेला पाव इंचाचे छिद्र ठेवले होते आणि भिंत २२ फूट दूर होती. त्याला मिळालेला पट्टा सव्वातेरा इंच लांब आणि २⅝ इंच रुंद होता. छिद्राचा पाव इंच वजा करून रुंदीला अंतराने भागले, तर ३१ कला, म्हणजे सूर्याच्या थाळीची रुंदी, बरोबर मिळते. रुंदीचा हिशेब सूर्याने पुरा केला, पण लांबीचा होईना, आणि तीच गोष्ट न्यूटनने धरून ठेवली.

याच लोलकात कोंडणे आणि वेगळे होणे ही दोन्ही एकत्र घडवता येतात. आपतन कोन कमी करत गेलो, की r₁ कमी होतो आणि बेरीज ६०° ठेवण्यासाठी दुसऱ्या बाजूवरचा कोन वाढतो. तो क्रांतिक कोनाला पोहोचला, की किरण त्या बाजूने बाहेर पडायचा थांबतो. जांभळ्याचा क्रांतिक कोन ४०.८° आहे; तेव्हा r₁ = १९.२° आणि १.५३० × sin १९.२° = ०.५०३, म्हणजे आपतन कोन ३०.२°. तांबड्याचा क्रांतिक कोन ४१.४°, r₁ = १८.६° आणि आपतन कोन २८.९°. म्हणून २९.५° ने पांढरा प्रकाश सोडला, तर दुसऱ्या बाजूने तांबड्याकडचे रंग सीमेला जवळजवळ घासून बाहेर पडतात आणि जांभळा पूर्ण परावर्तित होऊन तळाकडे वळतो. तळावर त्याचा कोन पुन्हा ६०° वजा आधीचा कोन, म्हणजे r₁ इतकाच येतो, आणि तो २९.५° नेच बाहेर पडतो. प्रयोगशाळेत टाचण्या लावून विचलन कोन मोजताना आपतन कोन ३५° च्या आसपास सुरू करतात, ते याचसाठी: २८° च्या खाली समोरच्या बाजूने पाहिले, तर मागच्या टाचण्या दिसतच नाहीत, आणि विद्यार्थी उगाच लोलक पुसत बसतो.

पेल्यातून निघालेला धागा आता ऑप्टिकल फायबरपर्यंत न्यायचा आहे. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा तंतू. त्याच्या मधोमध गाभा असतो आणि भोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे आवरण, ज्याला क्लॅडिंग म्हणतात. तंतूच्या बाहेर हवा असतानाच हे आवरण कशाला, हा प्रश्न पेल्यावरच्या ओल्या बोटाने आधीच सोडवला आहे. उघड्या तंतूला जिथे जिथे तेल, पाणी किंवा शेजारचा तंतू टेकेल, तिथे तिथे प्रकाश गळेल. परावर्तन जिथे होते ती सीमाच काचेच्या आत झाकून टाकली, की बाहेर काहीही लागले तरी फरक पडत नाही. डच शास्त्रज्ञ फान हील यांनी १९५४ मध्ये मांडलेली कल्पना ती हीच.

गाभ्याचा अपवर्तनांक १.४८ आणि आवरणाचा १.४६ घेऊ. आकृती काढायची तर दोन वर्तुळे जवळजवळ एकमेकांवर पडतात, आणि क्रांतिक कोन बराच मोठा येतो: १.४६ ÷ १.४८ = ०.९८६५, म्हणून ८०.६°. किरण भिंतीला जवळजवळ घासतच गेला पाहिजे. तंतूच्या टोकाशी तो किती तिरपा शिरू शकतो, याचे गणित पेल्यासारखेच: ९०° − ८०.६° = ९.४°, आणि १.४८ × sin ९.४° = ०.२४२, म्हणून हवेतला कोन १४°. पेल्यात गाभा पाण्याचा आणि आवरण हवेचे होते, तिथे ६१° मिळाले. इथे आवरणही काचेचे असल्याने १४° च मिळाले. दोन्ही गणितांतून आतले कोन काढून टाकले, तर गाभ्याचा अपवर्तनांक n₁, आवरणाचा n₂ आणि हवेतला हा कोन θ यांचे एकच सूत्र उरते:

```
sin θ = √(n₁² − n₂²)
```

काचेचा भरीव दंडगोल हवेत असताना या सूत्रात मुळाखाली १.२५ येते, जे १ पेक्षा मोठे आहे. दंडगोलातून काही निसटत नाही, हे आपण आधी पाहिले ते असे सूत्रातही उमटते.

तंतू वाकवला की बाहेरची भिंत किरणाच्या वाटेत आडवी येते आणि आपतन कोन कमी होतो. जो किरण ८१° ने चालला होता, त्याच्याजवळ जेमतेम अर्धा अंश शिल्लक असतो. तेवढा गेला, की तो आवरणात उतरतो. घरी फायबरची जोडणी करणारा तंत्रज्ञ पेनासारख्या उपकरणातून तांबडा प्रकाश सोडतो, तेव्हा तुटलेल्या किंवा फार वाकलेल्या जागी पिवळी वायर लाल उजळते. ती उजळलेली जागा म्हणजे निसटलेला प्रकाश. भिंतीच्या कोपऱ्यात वायर काटकोनात दाबून खिळ्यांनी ठोकली, तर घरातल्या इंटरनेटच्या पेटीवरचा, जोडणी तुटल्याचा लाल दिवा लागायला दुसरे कारण लागत नाही. नेहमीच्या वापरातला प्रकाश अवरक्त असतो आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तंतूच्या टोकात डोकावून पाहू नये.

आत कोंडलेले सगळे किरण एकाच वेळी पोहोचत मात्र नाहीत. अक्षावरून सरळ गेलेला किरण १ किलोमीटर चालतो; ८०.६° ने आदळत, नागमोडी जाणारा किरण १ ÷ sin ८०.६° पट, म्हणजे १.०१३७ किलोमीटर चालतो. हा जास्तीचा १३.७ मीटर मार्ग काचेत कापायला सुमारे ६८ नॅनोसेकंद लागतात. एका क्षणी सोडलेला प्रकाशाचा ठोका किलोमीटरभरात ६८ नॅनोसेकंदांपर्यंत पसरतो, आणि त्याहून जवळ दुसरा ठोका सोडला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणजे सेकंदाला दीड कोटीच्या आसपास ठोके, त्यापुढे नाही. दहा किलोमीटरला ही मर्यादा दहापट खाली येते.

लांब पल्ल्यासाठी म्हणून गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा करतात, जो प्रकाशाच्या तरंगलांबीच्या काही पटच आहे. इतक्या अरुंद जागेत नागमोडी वाटा उरतच नाहीत; लहर एकाच ठरावीक आकाराने पुढे सरकते. इथे किरणाकृतीची मर्यादाही संपते, आणि १४° सारखा कोन काढून काही अर्थ निघत नाही. पण लोलकातली गोष्ट इथे परत भेटते. ठोक्यातल्या प्रकाशातही एकच रंग नसतो, थोडे जवळचे रंग असतात, आणि प्रत्येकाचा काचेतला वेग वेगळा. लोलकाने जो फरक पडद्यावर ५ सेंटिमीटरचा पट्टा म्हणून मांडला, तो तंतूत उशीर म्हणून मांडला जातो. १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात नेहमीच्या तंतूसाठी तो दर नॅनोमीटर रुंदीला आणि दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंद असतो. ०.१ नॅनोमीटर रुंदीचा प्रकाश १०० किलोमीटर गेला, तर पसरण १७० पिकोसेकंद होते. सेकंदाला १,००० कोटी ठोके पाठवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० पिकोसेकंदच येतात. १३१० नॅनोमीटरच्या आसपास ही पसरण जवळजवळ शून्य होते, पण तिथे काच प्रकाश अधिक गिळते. म्हणून १५५० वरच राहून वाटेत उलट्या चिन्हाच्या पसरणीचा तंतू जोडतात, किंवा पलीकडच्या टोकाला संगणकाने ही पसरण उलगडून घेतात.